सातचा पाढा दोरीवर आणि ठिकरीत: सोसायटीच्या कोपऱ्यात खेळ कसा मांडायचा

आमच्या कोपरखैरण्याच्या सोसायटीत संध्याकाळी मुलं दोरीवर उड्या मारत पाढे म्हणतात. ऐकायला छान वाटतं. पण त्यातल्याच चौथीतल्या एका मुलाला मी दोरी थांबवून विचारलं, "सात अठ्ठे किती?" तो वर बघायला लागला आणि ओठातल्या ओठात सुरू झाला, "सात एके सात, सात दुणे चौदा..." छप्पन्नपर्यंत पोचायला त्याला पूर्ण पाढा चढावा लागला. त्याला पाढ्याची चाल येत होती, सात अठ्ठे येत नव्हतं.

खेळातून पाढे घेणाऱ्या बहुतेकांचं इथेच चुकतं. ठेका पाठांतर इतकं सोपं करून टाकतो की आठवायची गरजच उरत नाही. त्यामुळे खेळाची मांडणी अशी हवी की ठेका राहील, पण पाढ्याचा क्रम मोडेल. खाली सातच्या पाढ्यासाठीची पूर्ण पद्धत दिली आहे. तिसरी-चौथीची सहा मुलं, साधारण 5 बाय 5 मीटरचा कोपरा आणि अर्धा-पाऊण तास एवढं पुरतं.

## 1. जागा, दोरी आणि ठिकरी

जागा. दोन खेळ शेजारी-शेजारी चालणार आहेत, म्हणून आधी दोरीची जागा ठरवा. मोठी दोरी फिरवणारे दोघं एकमेकांपासून सुमारे 3 मीटरवर उभे राहतात. दोरी दोन्ही बाजूंना झोका घेते, म्हणून दोघांच्या मधल्या रेषेच्या दोन्ही अंगांना सव्वा-दीड मीटर मोकळं लागतं. ठिकरीचं घर या पट्ट्याच्या बाहेर आणि त्याला समांतर आखा. आडवं आखलंत तर लंगडत येणारं मूल शेवटच्या उडीला थेट दोरीत शिरतं. वर फांदी, वायर किंवा बॅडमिंटनची जाळी नाही ना, तेही बघून घ्या.

पेव्हर ब्लॉकवर पाय दाबत एकदा चालून या. डुगडुगणारा ब्लॉक दिसला तर जागा बदला. पावसाळ्यानंतर कोपऱ्यात शेवाळं असतंच, आणि ते कोरडं दिसलं तरी घसरतं. जून ते सप्टेंबर आम्ही इमारतीखालच्या पार्किंगमध्ये खेळतो. तिथे गाड्यांच्या तेलाचे डाग टाळायचे. काँक्रीटवर पायाला दणका जास्त बसतो, म्हणून तिथे उड्यांचा वेळ निम्मा ठेवा. उन्हाळ्यात ब्लॉक तापतात, तेव्हा साडेपाचच्या आधी सुरू करू नका.

दोरी. 8 ते 10 मिलिमीटर जाडीची सुती दोरी, सुमारे 4 मीटर. कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी घेऊ नका. ती हलकी असल्याने खाडीकडून वारा आला की हवेत तरंगते, जमिनीला टेकायची वेळ चुकते आणि ठेका बिघडतो. सुती दोरी जमिनीला लागताना 'थप्' असा आवाज करते. आपल्याला तोच आवाज हवा आहे. दोन्ही टोकांना गाठ मारा, पण दोरी हाताला गुंडाळू देऊ नका. पाय अडकला तर ती हातातून सुटायला हवी.

ठिकरी. कौलाचा तुकडा मातीवर उत्तम, पण पेव्हरवर तो उडतो आणि फटीत अडकतो. बाटलीचं झाकण गडगडतं. आम्ही जुन्या कापडात मूठभर चिंचोके बांधून पुरचुंडी केली. ती पडते तिथेच बसते.

> सुरू करण्याआधी: सगळ्यांच्या पायात बंद बूट आहेत ना? चपलेवर लंगडी घातली की चप्पल फिरते आणि घोटा मुरगळतो. या एका नियमावर मी कोणाचंही ऐकत नाही.

## 2. आज शिकायचं काय, ते आधी निवडा

पूर्ण पाढा एका संध्याकाळी घेऊ नका. मुलांना दोन ते सहाचे पाढे येत असतील तर सातच्या पाढ्यात नवीन उरतात फक्त तीन ओळी: सात सत्ते एकोणपन्नास, सात अठ्ठे छप्पन्न, सात नव्वे त्रेसष्ट. बाकी सगळं मागच्या पाढ्यांत येऊन गेलेलं असतं.

पण हे मुलांना माहीत नसतं. "सहा सत्ते बेचाळीस" आणि "सात सक बेचाळीस" या त्यांच्या कानाला दोन वेगळ्या ओळी वाटतात. हे समजावून सांगण्यापेक्षा जमिनीवर दाखवा. पेव्हर ब्लॉकच्या सहा ओळी, प्रत्येकीत सात ब्लॉक, असा तुकडा खडूने आखा. मुलाला एका बाजूला उभं करा: सहा ओळी, सात-सातच्या. मग त्याला शेजारच्या बाजूला नेऊन उभं करा: आता सात ओळी, सहा-सहाच्या. ब्लॉक तेवढेच, बेचाळीस. आमच्याकडच्या एका मुलीने तो चौकोन फिरून फिरून तीनदा मोजला, मग म्हणाली, "काकू, म्हणजे मला हे आधीच येत होतं." एवढं झालं की पुढे जा.

पाढ्याचे शब्दही आताच ठरवून टाका. कुणाकडे "सात सत्ते", कुणाकडे "सात साती", कुणाकडे "सात पंचे", कुणाकडे "सात पाचा". सगळं बरोबरच आहे, पण एका दोरीवर दोन चाली चालत नाहीत. बहुतेकांच्या शाळेत जे म्हणतात ते घ्या.

## 3. आकड्यांशिवाय ठेका

ही पायरी सगळे गाळतात, आणि मग पुढे मूल अडखळलं की पाढ्याला दोष देतात.

आधी नुसती टाळी. चारचा ठेका: एक, दोन, तीन, चार. तिसऱ्या टाळीला तोंड बंद. म्हणजे "सात – सक – (गप्प) – बेचाळीस" या चालीचा सांगाडा हाताला बसतो. ती गप्प टाळी मुद्दाम ठेवली आहे. उत्तर आठवायला तेवढीच जागा मिळते.

मग दोरी. फिरवणाऱ्यांनी सेकंदाला एक फेरी फिरवायची, म्हणजे 15 सेकंदांत 15 'थप्'. एकाने मोबाइलच्या घड्याळावर मोजून बघा. या संथ गतीत मूल दोरीवरची एक मोठी उडी आणि मध्ये एक छोटी उसळी अशा जोडीने उडतं. ही गती हळू वाटते, पण ती कमी ठेवायचं कारण आपल्या भाषेतच आहे. "चौदा" पटकन म्हणून होतं, "एकोणपन्नास"ला वेळ लागतो. जलद दोरीवर तो शब्द मावत नाही, मग मुलं "कोणपनास" असं काहीतरी गिळून टाकतात आणि उत्तर बरोबर होतं की चूक हे आपल्यालाही कळत नाही.

उडी मारणाऱ्याने दोरी जमिनीवर स्थिर असतानाच मधोमध उभं राहून सुरुवात करायची. फिरत्या दोरीत धावत शिरणं हे वेगळं कसब आहे, ते दुसऱ्या दिवशी शिकवा. उतरताना पायाचा पुढचा भाग आधी टेकायला हवा आणि गुडघे सैल हवेत. टाचांचा धपधप आवाज येत असेल तर मूल दमलं आहे, बाहेर घ्या.

> तपासा: मूल काही न बोलता सलग 12 उड्या मारतं का? मारत नसेल तर त्याला दोरीवर आकडे देऊ नका. दोरी जमिनीलगत नुसती झुलवा, तिच्यावरून उड्या मारू द्या, आणि आकड्यांचं काम टाळ्यांवर चालू ठेवा.

## 4. दोरीवर प्रश्न

एकदाच, फक्त एकदाच, पूर्ण पाढा क्रमाने म्हणून घ्या. तोंड मोकळं होतं. त्यानंतर आज क्रमाने पाढा नाही.

आता दोरी फिरवणाऱ्यांपैकी एक जण प्रश्न टाकतो. पहिल्या थापेला "सात", दुसऱ्या थापेला "अठ्ठे", तिसरी थाप रिकामी, चौथ्या थापेला उडी मारणारा "छप्पन्न". एका पाळीत चार प्रश्न, आणि त्यांचा क्रम आधीच ठरलेला:

सात पंचे – सात सत्ते – सात दुणे – सात सत्ते

पहिला सोपा, दुसरा नवीन, तिसरा पुन्हा सोपा, आणि मग तोच नवीन परत. मधल्या सोप्या प्रश्नाने नवीन उत्तर जिभेवरून खाली उतरतं आणि चौथ्या वेळी ते खरोखर आठवून काढावं लागतं. लागोपाठ दोनदा "सात सत्ते" विचारलं तर दुसरं उत्तर नुसता प्रतिध्वनी असतो. पुढच्या पाळ्यांत सत्तेच्या जागी अठ्ठे, मग नव्वे घ्या. तिन्ही नवे एकाच पाळीत घालू नका.

चौथ्या थापेला उत्तर आलं नाही तर? दोरी थांबवायची नाही. फिरवणारा तोच प्रश्न पुढच्या चार थापांत परत टाकतो. तरीही नाही आलं तर फिरवणारे उत्तर सांगतात, मूल ते एकदा म्हणतं आणि पाळी पुढे चालते.

आउट नाही. माझी पहिली मोठी चूक हीच होती. चुकला की बाहेर, हा नियम मी नेहमीच्या खेळातून तसाच उचलला. अर्ध्या तासात ज्यांना पाढा पक्का येत होता तीच दोन मुलं उड्या मारत होती आणि ज्यांना सरावाची गरज होती ती कठड्यावर बसून पाय हलवत होती. आता चार प्रश्न झाले की बरोबर असो वा चूक, पाळी संपते आणि मूल दोरी फिरवायला जातं. प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर माहीत असावं लागतं, म्हणून त्याच्या बाजूच्या भिंतीवर नव्या तिन्हींची उत्तरं खडूने लिहून ठेवा. उडी मारणाऱ्याची पाठ त्या भिंतीकडे असू द्या.

दोरीवर चुकीचं उत्तर आलं की दोष पाढ्याचा की पायांचा, हे ओळखायला सोपी रीत आहे. मुलाला बाहेर घ्या आणि तोच प्रश्न टाळीवर विचारा. टाळीवर लगेच बरोबर आलं तर पाढा येतो आहे, उड्यांनी लक्ष खाल्लं. त्याला अजून ठेक्याचा सराव द्या. टाळीवरही चुकलं तर पाढा कच्चा आहे. मग त्याला जवळचा ओळखीचा टप्पा द्या: "सात पंचे पस्तीस येतं ना? त्यात अजून एक सात." पस्तीसवरून बेचाळीस, मग एकोणपन्नास. निदान सात एकेपासून चढावं लागत नाही.

> सावध: रंगात आलं की फिरवणाऱ्यांचे हात आपोआप जलद होतात. दर काही पाळ्यांनी पुन्हा 15 सेकंदांत 15 थापा मोजा.

## 5. ठिकरीचं घर

इथेही मी आधी चुकले. चौकटींमध्ये मी 14, 21, 28 अशी उत्तरं लिहिली. मुलं बेचाळीसवर उडी मारून "बेचाळीस" वाचत होती. नजर खाली, डोकं बंद. चौकटीत उत्तर लिहायचं नाही, गुणायचा आकडा लिहायचा. आणि तेही 2, 3, 4 अशा क्रमाने नाही, कारण मग ठिकरी पुन्हा पाढ्याच्या चालीनेच पुढे सरकते.

आमची आखणी अशी आहे. सुरुवातीकडून पुढे: 2, मग 9, मग जोडी 5 आणि 7, मग 3, मग जोडी 8 आणि 6, शेवटी 4. सहा ओळी, आठ चौकटी. पाढ्यात लागोपाठ येणारे दोन आकडे कुठेही शेजारी नाहीत. प्रत्येक चौकट 40 सेंटीमीटरची. आयताकृती पेव्हर ब्लॉक साधारण 20 बाय 10 सेंटीमीटरचा असतो, म्हणून लांबीकडून दोन आणि रुंदीकडून चार ब्लॉक मोजले की चौकट तयार. मोजपट्टी लागत नाही. शाळेचा खडू एका संध्याकाळीच पुसला जातो, गेरू कालवून ब्रशने काढलं तर चार-पाच दिवस टिकतं. ऑइल पेंट नको. ओला झाला की पाय घसरतो, आणि सेक्रेटरींचा फोन येतो ते वेगळंच.

एक पाळी पूर्ण दाखवते. मागच्या मुलाने सांगितलं, "सात सत्ते." खेळणाऱ्याने ठिकरी 7 च्या चौकटीत टाकली. लंगडत 2, लंगडत 9. पुढे जोडी आहे, पण 7 मध्ये ठिकरी आहे म्हणून एकाच पायावर 5. मग 3 वर एक पाय, 8 आणि 6 वर दोन्ही पाय, 4 वर एक पाय. तिथे उडी मारून वळायचं. परत येताना 8-6, मग 3, मग 5. इथे एका पायावर उभं राहून वाकायचं, 7 मधली ठिकरी उचलायची आणि उचलतानाच म्हणायचं, "सात सत्ते एकोणपन्नास." मग 9, 2 आणि बाहेर.

उत्तर उचलतानाच का? जाताना-येताना आठ-नऊ उड्या होतात. तेवढा वेळ प्रश्न डोक्यात धरून ठेवावा लागतो. ठिकरी टाकतानाच उत्तर म्हणून टाकलं की उरलेली फेरी नुसती लंगडी होते.

नेम चुकला तर दुसरी संधी द्या, तोही चुकला तर ठिकरी हाताने ठेवा. नेम हा आजचा विषय नाही. रेषेवर पाय पडला तर फेरी चालू ठेवा, नाहीतर पुन्हा तेच होतं: ज्याचा तोल कच्चा त्याला पाढाही कमी मिळतो. एक फेरी उजव्या पायावर झाली की पुढची डाव्यावर.

## 6. खडूने लिहून घ्या

बोललेलं उत्तर बरोबर आणि लिहिलेलं उलटं, हे आपल्या मराठी आकड्यांत फार होतं. "बेचाळीस"मध्ये 'बे' आधी ऐकू येतो, चाळीस नंतर. "त्रेसष्ट"मध्ये तीन आधी. म्हणून मूल तोंडाने बेचाळीस म्हणतं आणि वहीत 24 लिहितं. एकोणपन्नासचं दुखणं निराळंच. 'पन्नास' ऐकून मुलं 59 लिहितात. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'वीस दोन' असं वाचन आलं तेव्हा बराच वाद झाला होता. मी तो इथे उकरत नाही. पाढा बेचाळीसच्याच चालीत म्हणायचा, पण मूल अडलं की "चाळीस आणि दोन" असं फोडून सांगायला माझी काही हरकत नाही.

म्हणून ठिकरीच्या घराशेजारी एक मोकळी फरशी ठेवा. फेरी संपवून आलेल्या मुलाने तिथे नुकतंच दिलेलं उत्तर अंकांत लिहायचं. पुढच्याने ते वाचायचं, चूक असेल तर शेजारी बरोबर लिहायचं आणि मग पुसायचं. खोडून टाकण्याआधी तुमची नजर तिथे जायला हवी. दोरीवर न दिसणाऱ्या चुका तिथे दिसतात.

## 7. सहा मुलं, एक संध्याकाळ

आमची फिरती अशी चालते. दोघं दोरी फिरवतात, एक उड्या मारतो, एक ठिकरी खेळतो, एक त्याला प्रश्न सांगतो, एक फरशीवर. उड्या मारणाऱ्याची पाळी सगळ्यात आधी संपते, म्हणून बदली त्याच्यावर नाही, ठिकरीची फेरी पूर्ण झाली की "बदला" म्हणून करतो. तोवर तो उभा राहून श्वास घेतो. सहा बदल्यांत प्रत्येक मूल प्रत्येक ठिकाणी एकदा येतं. अशा दोन आवर्तनांनंतर थांबा. तिसऱ्याला मुलं तयार असतात, पण पाय दमलेले असतात, आणि पडापडी तेव्हाच होते.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाचं काय झालं ते सांगते. पहिल्या दिवशी "सात अठ्ठे"ला त्याला तीनदा प्रश्न ऐकावा लागला. टाळीवरही अडला, म्हणजे पाढाच कच्चा. दोन दिवस त्याला नव्यांपैकी फक्त सात अठ्ठे दिलं, सोबत पंचे आणि दुणे. तिसऱ्या दिवशी चौथ्या थापेला "छप्पन्न" आलं. फरशीवर मात्र त्याने 65 लिहिलं. ते सुधारायला आणखी एक संध्याकाळ गेली.

## 8. दुसऱ्या दिवशीची तपासणी

खेळ संपल्या-संपल्या विचारून काही कळत नाही, तेव्हा सगळंच येत असतं. दुसऱ्या दिवशी खेळ सुरू व्हायच्या आधी, मूल शांत उभं असताना, तिन्ही नवे प्रश्न उलटसुलट विचारा. मनात तीन मोजेपर्यंत उत्तर आलं तर ते पक्कं. ओठ हलायला लागले तर मूल पाढा चढतं आहे, उत्तर बरोबर असलं तरी ते अजून कच्चं. त्या मुलाच्या पाळीत तो प्रश्न आज पुन्हा ठेवा. मी याची नोंद एका कागदावर टिंबांनी करते: पक्कं तर भरीव, कच्चं तर पोकळ. दोन दिवस लागोपाठ भरीव आलं की तो प्रश्न सोप्यांच्या रांगेत जातो.

पहिली-दुसरीची लहान भावंडं लुडबुड करत असतील तर त्यांना हेच ठिकरीचं घर द्या, नुसत्या दहाच्या जोड्यांसाठी. ठिकरी 3 वर असेल तर उचलताना "तीन आणि सात दहा". आखणी बदलावी लागत नाही.

आठच्या पाढ्याला गेलात तरी आखणी तीच राहते, फक्त मागचा मुलगा "सात"ऐवजी "आठ" म्हणतो. नव्याने शिकवायला आठ अठ्ठे चौसष्ट आणि आठ नव्वे बहात्तर एवढंच असतं. नऊला एकच: नऊ नव्वे एक्क्याऐंशी. तोही शब्द लांब आहे, म्हणून दोरी सेकंदाला एकच.